बिल ऑफ एंट्रीवरची ड्युटी स्वतः पुन्हा कशी मोजायची

माल बंदरात लागायच्या आधी सीएचएकडून, म्हणजे माल सोडवून देणाऱ्या कस्टम्स एजंटकडून, एक चेकलिस्ट येते. बिल ऑफ एंट्री म्हणजे आयात मालाचं सीमाशुल्काकडे द्यायचं विवरणपत्र. त्याचा हा कच्चा मसुदा तुम्ही मान्य केला की सीएचए तो आईसगेट या सीमाशुल्काच्या पोर्टलवर दाखल करतो. नवा आयातदार यात साधारण दोनच गोष्टी बघतो, मालाचं वर्णन आणि शेवटचा ड्युटीचा आकडा. आकडा अंदाजाच्या जवळपास असला की 'ओके' कळवून टाकतो. पण हा आकडा एकाच दराने काढलेला नसतो. चार थर एकमेकांवर चढून तो तयार होतो, आणि खालचा थर चुकला तर वरचे सगळे त्या चुकीसकट वर चढतात. म्हणून चेकलिस्ट मान्य करण्याआधी ड्युटी आपल्या हाताने एकदा मोजावीच. सवय झाली की दहा मिनिटांत होणारं हे काम आहे.

एक उदाहरण घेऊ आणि तेच शेवटपर्यंत चालवू. एका लहान उद्योजकाने शांघायहून एक पॅकिंग मशीन मागवलं. इन्व्हॉइस एफओबी शांघाय, १०,००० डॉलरचं, म्हणजे शांघायला जहाजावर माल चढेपर्यंतचाच खर्च त्यात आहे. माल समुद्रमार्गे न्हावा शेवाला येणार. जहाजाचं भाडं ६०० डॉलर, आणि वाहतुकीची सोय करणाऱ्या फॉरवर्डरचं तसं बिल हातात आहे. विमा वेगळा उतरवलेला नाही. मूळ सीमाशुल्क, म्हणजे बीसीडी, ७.५ टक्के. समाजकल्याण अधिभार १० टक्के, आयजीएसटी १८ टक्के. सीमाशुल्काचा अधिसूचित विनिमय दर हिशेबापुरता डॉलरला ८८ रुपये धरू. सीएचएच्या चेकलिस्टमध्ये एकूण ड्युटी २,९५,६२७ रुपये दिसते आहे. ती बरोबर आहे का?

पहिली पायरी: असेसेबल व्हॅल्यू

पुष्कळ चुका याच पायरीत होतात, त्यामुळे इथे घाई करू नका.

असेसेबल व्हॅल्यू म्हणजे ज्या किमतीवर ड्युटी बसते ती किंमत. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १४ प्रमाणे तुम्ही प्रत्यक्ष दिलेली किंवा देणं लागत असलेली किंमत, म्हणजे व्यवहार मूल्य, हा तिचा पाया असतो. त्यात माल भारतातल्या बंदरापर्यंत आणण्याचं भाडं आणि विमा मिळवायचा. थोडक्यात, इन्व्हॉइस कुठल्याही अटीवर असलं तरी आपल्याला सीआयएफ, म्हणजे माल, विमा आणि भाडं मिळून होणाऱ्या किमतीपर्यंत पोहोचायचं असतं. इन्व्हॉइसच सीआयएफ असेल तर काही मिळवायचं नाही. एक्स-वर्क्स असेल तर कारखान्यापासून तिकडच्या बंदरापर्यंतचा खर्चही मिळवावा लागतो, आणि नवे लोक नेमका तोच विसरतात.

भाडं किंवा विमा किती ते कळत नसेल तर काय करायचं, हे २००७ च्या मूल्यांकन नियमांतल्या नियम १० मध्ये ठरवून दिलेलं आहे. भाडं कळत नसेल तर एफओबीच्या २० टक्के धरायचं. विमा कळत नसेल तर एफओबीच्या १.१२५ टक्के. मात्र हे आकडे फक्त माहिती नसेल तेव्हाच वापरायचे. भाड्याचं बिल हातात असेल तर प्रत्यक्ष भाडंच धरायचं. २० टक्क्यांचा दुसरा उपयोग हवाई मालासाठी होतो. प्रत्यक्ष विमानभाडं कितीही असो, एफओबीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त मिळवत नाहीत. समुद्रमार्गाच्या भाड्याला अशी मर्यादा नाही. तिथे भाडं जास्त पडलं तर ते पूर्ण धरावं लागतं.

आता आपलं मशीन. एफओबी १०,००० डॉलर गुणिले ८८, म्हणजे ८,८०,००० रुपये. भाडं ६०० डॉलर, म्हणजे ५२,८०० रुपये. विम्याचा पुरावा नाही, म्हणून ८,८०,००० च्या १.१२५ टक्के, म्हणजे ९,९०० रुपये. बेरीज ९,४२,७०० रुपये. ही झाली असेसेबल व्हॅल्यू.

फॉरवर्डरच्या बिलातली प्रत्येक ओळ भाडं नसते. समुद्रभाड्याखाली इकडच्या बंदरातला टर्मिनल हँडलिंग, डिलिव्हरी ऑर्डर, कागदपत्रांचा खर्च असं बरंच काही असतं. माल बंदरात पोहोचल्यानंतरचा इकडचा खर्च असेसेबल व्हॅल्यूत येत नाही. बिलाची अख्खी बेरीज उचलून 'फ्रेट'च्या रकान्यात टाकली तर ड्युटी विनाकारण वाढते.

पूर्वी सीआयएफवर एक टक्का 'लँडिंग चार्जेस' म्हणून सरसकट मिळवायचे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये विप्रोच्या प्रकरणात असा काल्पनिक टक्का चुकीचा ठरवला, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये नियमातूनही तो गेला. तरी जुन्या एक्सेल शीटमध्ये तो अजून सापडतो. कुणाकडून तयार शीट घेतली असेल तर आधी ही ओळ शोधा आणि काढून टाका.

विनिमय दर: कुठला आणि कुठल्या तारखेचा

बँकेने डॉलर ज्या दराने दिले तो दर इथे चालत नाही. सीमाशुल्क विभागाचा स्वतःचा अधिसूचित दर असतो. तो महिन्यातून दोनदा, पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी जाहीर होतो आणि दुसऱ्या दिवसापासून लागू होतो. त्यात आयातीचा आणि निर्यातीचा असे दोन रकाने असतात. आपल्याला आयातीचा घ्यायचा. जपानी येनचा दर १०० येनला दिलेला असतो, त्यामुळे तिथे शंभराने भागायला विसरू नका.

कुठल्या तारखेचा दर? बिल ऑफ एंट्री ज्या दिवशी सादर झालं त्या दिवशी लागू असलेला. ड्युटीच्या टक्केवारीची तारीख मात्र वेगळी असू शकते. माल यायच्या आधीच बिल ऑफ एंट्री दाखल केलं असेल, तर कलम १५ प्रमाणे जहाजाला 'एंट्री इनवर्ड', म्हणजे माल उतरवायची परवानगी, मिळालेल्या दिवशीचा ड्युटीचा दर लागतो. विनिमय दर तरीही बिल सादर केल्याच्या दिवसाचाच राहतो. मधल्या काळात अर्थसंकल्प आला आणि बीसीडी बदलला, तर एकाच बिलात विनिमय दर जुन्या तारखेचा आणि ड्युटीचा दर नव्या तारखेचा दिसतो. यात चूक काही नाही, कायदाच तसा आहे.

दुसरी पायरी: बीसीडी

९,४२,७०० च्या ७.५ टक्के, म्हणजे ७०,७०२.५० रुपये. गणित एवढंच. फक्त दर टॅरिफमधला आहे की सवलतीच्या अधिसूचनेतला, हे चेकलिस्टमध्ये तपासा. सवलत घ्यायची असेल तर अधिसूचनेचा क्रमांक आणि त्यातला अनुक्रमांक असे दोन्ही रकाने भरलेले हवेत. ते रिकामे असतील तर सिस्टीम टॅरिफचा पूर्ण दर लावते.

तिसरी पायरी: समाजकल्याण अधिभार

हा अधिभार १० टक्के असतो, पण मालाच्या किमतीच्या नव्हे, बीसीडीच्या. ७०,७०२.५० च्या १० टक्के, म्हणजे ७,०७०.२५ रुपये. नवशिक्या माणसाची शीट इथे हमखास घसरते. ७.५ आणि १० मिळवून १७.५ टक्के करतात आणि असेसेबल व्हॅल्यूवर लावतात. तसं केलं तर अधिभारच ९४,२७० रुपये येतो, म्हणजे बीसीडीपेक्षाही जास्त. अधिभार कधीही बीसीडीपेक्षा मोठा दिसला तर पुढचं काही बघायची गरज नाही, चूक याच जागी आहे.

२०१८ च्या अर्थसंकल्पात हा अधिभार जुन्या तीन टक्के शिक्षण उपकरांच्या जागी आला. काही वस्तूंना तो माफ आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात आधीच उपकर असलेल्या ८२ टॅरिफ ओळींवरून तो काढला गेला. त्यामुळे आपल्या वस्तूला तो लागू आहे का, हे एकदा पाहून घ्या.

चौथी पायरी: आयजीएसटी

आयजीएसटी मालाच्या किमतीवर नाही, तर किंमत, बीसीडी आणि अधिभार यांच्या बेरजेवर लागतो. कस्टम्स टॅरिफ कायदा, १९७५ च्या कलम ३ मधलं उपकलम ८ हे सांगतं. फार स्वस्तात लोटल्या जाणाऱ्या परदेशी मालावरची अँटी-डंपिंग ड्युटी लागत असेल तर तीही या बेरजेत येते. समाजकल्याण अधिभार मोजताना मात्र ती धरत नाहीत.

आपली बेरीज: ९,४२,७०० अधिक ७०,७०२.५० अधिक ७,०७०.२५, म्हणजे १०,२०,४७२.७५. तिच्या १८ टक्के, म्हणजे १,८३,६८५.१० रुपये.

आता तिन्ही करांची बेरीज करा. ७०,७०२.५० अधिक ७,०७०.२५ अधिक १,८३,६८५.१०, म्हणजे २,६१,४५७.८५ रुपये. पैसे शेवटपर्यंत तसेच चालू द्या, मधल्या पायरीत पूर्णांक करू नका. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १५४अ प्रमाणे रक्कम जवळच्या रुपयात करतात, पन्नास पैसे आणि त्यावर गेलं की वरचा रुपया. म्हणजे २,६१,४५८. सीएचएच्या आकड्याशी एखाददुसऱ्या रुपयाचा फरक पडला तर तो पूर्णांकाचा असतो, सोडून द्या. त्याहून मोठ्या फरकाला मात्र काहीतरी कारण असतंच.

आता फरक उलटा मोजा

चेकलिस्ट म्हणते २,९५,६२७, आपला हिशेब म्हणतो २,६१,४५८. फरक सुमारे ३४,१६९ रुपयांचा. अशा वेळी बहुतेक जण सीएचएला फोन करून 'ड्युटी जास्त का आली?' एवढंच विचारतात. उत्तर येतं, 'सिस्टीमने काढलीय.' त्यापेक्षा फरक कुठून आला ते स्वतःच शोधा आणि मग नेमका प्रश्न विचारा. ते कसं करायचं, ते पाहू.

सगळे थर एकत्र केले तर असेसेबल व्हॅल्यूच्या प्रत्येक १०० रुपयांवर किती ड्युटी येते? बीसीडी ७.५०, अधिभार ०.७५. बेरीज १०८.२५. तिच्या १८ टक्के, म्हणजे १९.४८५. एकूण २७.७३५ रुपये. हा झाला या मशीनचा प्रभावी दर, २७.७३५ टक्के. नुसती ७.५०, ०.७५ आणि १८ यांची बेरीज केली असती तर २६.२५ आले असते. वरचा दीड टक्का कर करावर बसल्यामुळे आला.

आता फरकाला या दराने भागा. ३४,१६९ भागिले ०.२७७३५ केलं की जवळजवळ १,२३,२०० येतात. म्हणजे चेकलिस्टमधली असेसेबल व्हॅल्यू आपल्यापेक्षा १,२३,२०० रुपयांनी जास्त आहे. त्याला ८८ ने भागा: १,४०० डॉलर. असा गोल आकडा आला की कारण जवळच असतं. एफओबीचे २० टक्के म्हणजे २,००० डॉलर, आणि त्यातून ६०० वजा केले की १,४००. भाड्याचं बिल सीएचएकडे पोहोचलंच नाही, म्हणून त्याने २० टक्के धरले. आता फोनवर नेमकं सांगता येतं: 'भाडं ६०० डॉलर आहे, बिल पाठवतोय, फ्रेटचा रकाना दुरुस्त करा.'

एफओबी इन्व्हॉइसवर भाडं तुम्हीच भरता, म्हणजे त्याचं बिल तुमच्याकडे येणारच. तेव्हा समुद्रमार्गाच्या एफओबी मालावर २० टक्के भाडं दिसलं, तर मी तरी ते कधीच तसंच जाऊ देणार नाही. यात हमखास कागद पोहोचवण्यात कुणाची तरी हयगय झालेली असते.

फरक गोल डॉलरमध्ये आला नाही तर इतर खुणा बघा. अधिभार भागिले बीसीडी करा, बरोबर ०.१० यायला हवं. आयजीएसटीला १८ टक्क्यांनी भागा, जी बेरीज येईल तिच्यातून बीसीडी आणि अधिभार वजा करा, असेसेबल व्हॅल्यू यायला हवी. आयजीएसटी चुकून नुसत्या असेसेबल व्हॅल्यूवर काढला असेल तर आपल्या उदाहरणात तो १,६९,६८६ येतो, म्हणजे १३,९९९ रुपयांनी कमी. ७७,७७२.७५ या बीसीडी-अधिभाराच्या बेरजेचे १८ टक्के तेवढेच होतात. कोणी जुना एक टक्का लँडिंग लावला असेल तर फरक २,६१५ रुपयांच्या आसपास येतो, आणि तो एकूण ड्युटीच्या बरोबर एक टक्का असतो. विनिमय दर ८८ ऐवजी ८८.६० धरला असेल तर फरक १,७८३ रुपये. एकूण ड्युटीच्या प्रमाणात हा फरक आणि दरातला फरक सारखाच असतो, सुमारे ०.६८ टक्के. हीच त्याची खूण.

एक्सेलमध्ये एवढं एकच सूत्र ठेवलं तरी पुरेसं आहे. B1 मध्ये असेसेबल व्हॅल्यू, B2 मध्ये बीसीडीचा दर, B3 मध्ये आयजीएसटीचा दर भरा.

```
=B1*(B2*1.1+B3*(1+B2*1.1))
```

९,४२,७००, ७.५% आणि १८% भरल्यावर २,६१,४५७.८५ यायला हवेत. नवी शीट केली की आधी हे उदाहरण घालून तपासा, मग आपला माल भरा. अधिभार माफ असलेल्या वस्तूसाठी 1.1 च्या जागी 1 लिहा. अँटी-डंपिंग किंवा शेती उपकर लागणाऱ्या वस्तूसाठी हे सूत्र चालणार नाही, तिथे पायऱ्या वेगवेगळ्या ओळींत मांडाव्या लागतात.

बीसीडी शून्य झाला तर

मुक्त व्यापार कराराचं उगम प्रमाणपत्र असेल आणि बीसीडी शून्य होत असेल, तर अधिभार आपोआप शून्य होतो, कारण शून्याचे दहा टक्के शून्यच. आयजीएसटीचा पायाही खाली येतो. आपल्या मशीनला असं झालं असतं तर फक्त १,६९,६८६ रुपये भरावे लागले असते. बचत ९१,७७१.८५ रुपयांची, त्यातले १३,९९९ आयजीएसटीतून वाचलेले. चेकलिस्टमध्ये बीसीडी शून्य आणि अधिभार मात्र उरलेला दिसला, तर ती चूक समजा.

यातलं खर्चात किती धरायचं

जीएसटी नोंदणी असेल आणि मशीन करपात्र धंद्यासाठी वापरायचं असेल, तर आयजीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळतं. बीसीडी आणि अधिभाराचं मिळत नाही. म्हणून भाड्याच्या चुकीमुळे वाढलेल्या ३४,१६९ पैकी २४,००५ रुपये पुढे क्रेडिटमधून वळते झाले असते आणि १०,१६४ रुपये कायमचे गेले असते. मशीनची किंमत पुस्तकात लिहिताना प्रत्यक्ष दिलेल्या किमतीवर आणि भाड्यावर ७७,७७२.७५ चढवायचे, आयजीएसटी वेगळा ठेवायचा. 'सगळं क्रेडिट मिळतंच, कशाला मोजायचं' असं कुणी म्हणालं तर ही दोन आकड्यांची फोड त्याला दाखवा.

चूक पैसे भरल्यावर कळली तर

चेकलिस्टच्या टप्प्यावर दुरुस्ती म्हणजे एक ईमेल. बिल दाखल झाल्यावर कलम १४९ खाली दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो, आणि माल सुटल्यानंतर असा अर्ज करायचा तर सोडवणुकीच्या वेळी अस्तित्वात असलेले कागदच पुराव्याला चालतात. भाड्याचं बिल त्या तारखेच्या आधीचं असेल तर ते उपयोगी पडतं, नंतर मिळवलेलं दाखला-पत्र पुरत नाही.

जास्त भरलेली ड्युटी परत मागायची मुदत कलम २७ प्रमाणे भरल्यापासून एक वर्ष आहे. पण नुसता परताव्याचा अर्ज केला तर तो टिकत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयटीसी लिमिटेडच्या प्रकरणात सांगितलं की बिल ऑफ एंट्रीवरचं निर्धारण, मग ते स्वतः केलेलं का असेना, आधी बदलून घ्यावं लागतं. म्हणजे आधी दुरुस्ती किंवा अपील, मग परतावा. वित्त कायदा २०२५ ने कलम १८अ आणून माल सुटल्यानंतर स्वतःहून नोंद सुधारण्याची वाटही दिली आहे.

ड्युटी कमी भरली गेली असेल तर उलट बाजूने घड्याळ चालू होतं. कलम २८अअ प्रमाणे फरकाच्या रकमेवर वर्षाला १५ टक्के व्याज लागतं. विभागाची नोटीस यायच्या आधी फरक व्याजासह स्वतः भरला, तर प्रामाणिक चुकीच्या प्रकरणात दंड लागत नाही. तो फरक किती, हे सांगताना हिशेब चारही थरांतून पुन्हा न्या. राहून गेलेले भाड्याचे १,००० रुपये म्हणजे बीसीडीचे ७५ रुपये नव्हेत, एकूण ड्युटीचे २७७.३५ रुपये असतात.